सामायिक कंटेनर आणि माझ्या याद्या

इंग्लंडमधलं घर आवरून पनवेलला परतायचं ठरलं, त्याच संध्याकाळी मी दोनशे पानी वही आणली. नवरा म्हणाला, "लॅपटॉप आहे की." लॅपटॉपवरही यादी केलीच. पण वही हाताशी असली की मला बरं वाटतं, आणि चौदा वर्षांचा संसार समुद्रावरून पाठवायचा तर बरं वाटायची गरज होती.

परतण्याचं कारण माझे सासरे. आम्ही दोघंही त्यांना बाबाच म्हणतो. पनवेलच्या फ्लॅटमध्ये ते एकटेच राहायचे. दीड वर्षापूर्वी त्यांना पक्षाघाताचा हलका झटका आला. नवरा धावत भारतात गेला, अडीच महिने राहिला आणि मग त्यांना व्हिजिटर व्हिसावर आमच्याकडे घेऊन आला. बोलणं सुधारलं, हात सुधारला, डाव्या पायातली ताकद मात्र आली नाही. बसलेले असले की उठता येईना. एकदा उभे राहिले की काठी घेऊन चालायचे, पण उभं राहणं हाच डोंगर होता.

तिथल्या एका शेजारणीने तिच्या आईची खुर्ची आम्हाला दिली. बटण दाबलं की ती मागून हळूहळू वर येते, पुढे कलते आणि माणसाला उभं करते. बाबांनी पहिल्या दिवशी ती नऊ वेळा वरखाली केली. दहाव्या वेळी मी पाहत होते, तर म्हणाले, "तपासतोय."

त्यांचा व्हिसा सहा महिन्यांचा. त्यांना परत पाठवून एकटं ठेवणं शक्य नव्हतं, तेव्हा सगळ्यांनीच परतायचं ठरलं. सामान पाठवायच्या यादीत माझ्या वहीत पहिल्या ओळीवर खुर्ची होती. बाकी सगळं हरवलं तरी चालेल, असं मी म्हणणार नाही, कारण चाललं नसतं. पण खुर्ची पोहोचायलाच हवी होती.

सामान हलवणाऱ्या तीन कंपन्यांची माणसं घरी येऊन गेली. कपाटं उघडून, पलंगाखाली वाकून त्यांनी सामानाचं आकारमान काढलं. अख्खा वीस फुटी कंटेनर आम्हाला नको होता, कारण आमच्या सामानाने तो अर्धाही भरला नसता. मग सामायिक कंटेनर. म्हणजे एकाच कंटेनरमध्ये चार-पाच कुटुंबांचं सामान, ज्याने जेवढी जागा घेतली तेवढं त्याचं भाडं. स्वस्त पडतं. त्यातली मेख अशी की कंटेनर भरल्याशिवाय निघत नाही, आणि तो कधी भरणार हे कोणीही सांगत नाही. "आठ ते दहा आठवडे," असं कंपनीची बाई गोड आवाजात म्हणाली. मी वहीत लिहिलं: आठ ते दहा, म्हणजे बारा. याबाबतीत तरी मी बरोबर निघाले.

मग विमा. विम्यासाठी किमतींसह यादी द्यायची होती. प्रत्येक वस्तू, आणि ती नवी घ्यायची झाली तर भारतात किती लागतील तो आकडा. "किचन सामान" असं एक मोघम वाक्य लिहून चालत नाही. उद्या फुटलं तर कंपनी विचारणार, कुठलं किचन सामान? मी तीन रात्री नव्हे, तीन रविवार घालवले. पोळपाट-लाटणं वेगळं, तवे वेगळे, जेवणाचा सेट वेगळा. नवरा मधून मधून येऊन खांद्यावरून वाचायचा.

"पुरणयंत्राची किंमत काय लावलीस?"

"नव्याची."

"आपण किती वेळा पुरण केलं इथे?"

"विम्याला त्याच्याशी काय करायचंय?"

आता माझी चूक सांगते, कारण ती माझीच होती आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सामान भरणाऱ्यांवर माझा विश्वास नव्हता. एका मैत्रिणीच्या घरी त्यांनी भरलेला केराचा डबा केरासकट पॅक केला होता आणि तो तसाच बंगळुरूला पोहोचला. म्हणून काचेची भांडी, स्वयंपाकघर आणि कागदपत्रं मी स्वतः भरायची ठरवली. सुपरमार्केटमधून खोके आणले, प्रत्येकावर निळ्या मार्करने मोठा आकडा घातला, एक ते बावीस, आणि कुठल्या आकड्यात काय ते वहीत लिहिलं. खोका सतरा: जुनी कागदपत्रं. विजेची बिलं, मुदत संपलेले भाडेकरार, घराच्या विम्याच्या रद्द पॉलिसी, आणि "रद्द" या शब्दाला जागून, नवऱ्याचा जुना पासपोर्ट. चार महिन्यांपूर्वी त्याचा पासपोर्ट नवा झाला होता. जुना कोपरे कापून परत आला होता. कोपरे कापलेली वस्तू मी कुठे ठेवणार? रद्द झालेल्या गोष्टींच्या फाईलमध्ये.

आमचे चालू पासपोर्ट हातातल्या पिशवीत होते. त्यांची यादी वेगळी, ती माझ्या पर्समध्ये.

सामान न्यायला तिघं आली. दोन धिप्पाड माणसं आणि एक मुलगी, जी लिहायचं काम करत होती. तिने माझे खोके पाहिले आणि मान हलवली. हे खोके समुद्रप्रवासाला टिकणार नाहीत, ती म्हणाली. त्यांनी माझे खोके दोन-दोन करून त्यांच्या जाड खोक्यांमध्ये उतरवले, चिकटपट्टी मारली आणि वर त्यांचा छापील आकड्याचा स्टिकर लावला. माझा निळा आकडा आत गेला. मी विचारलं, "आणि तुमच्या यादीत काय लिहिलंत?" तिने दाखवलं. माझ्या प्रत्येक खोक्यापुढे तीन अक्षरं होती. म्हणजे मालकाने स्वतः भरलेलं. त्यापुढे "घरगुती वस्तू". बस.

त्याच वेळी बाबांना औषध द्यायचं होतं आणि घरमालकीण किल्ल्या मोजायला दारात उभी होती. कुठला खोका कुठल्यात गेला ते मी लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. आयुष्यात बिनमहत्त्वाच्या इतक्या गोष्टी लिहिल्या आणि ही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही विमानाने निघालो.

पनवेलला आल्यावर पहिले दोन दिवस धूळ काढण्यात गेले. तिसऱ्या दिवशी मी कंपनीला विचारलं, सामान निघालं का? नाही. अजून गोदामातच होतं, कंटेनर भरत नव्हता. मी कॅलेंडर काढून दिवस मोजले. परतणाऱ्या कुटुंबाला जुन्या घरगुती सामानावर सीमाशुल्कात जी सवलत मिळते, तिच्यासाठी मागाहून येणारं सामान आपण भारतात उतरल्यापासून महिन्याच्या आत तिथून निघालेलं असावं लागतं. उशीर झाला तर साहेबांपुढे अर्ज, कारणं, विनवण्या. मी रोज एक ईमेल पाठवत होते. कंपनीची बाई रोज तितक्याच गोड शब्दांत उत्तर देत होती. सव्विसाव्या दिवशी जहाज सुटलं. तारीख लिहिलेला जहाजाचा कागद आला, तो मी छापून भिंतीवर लावला.

"देवघराशेजारी कशाला लावलास?" नवऱ्याने विचारलं.

"खिळा तिथे होता."

इकडे बाबांचं अवघड झालं होतं. पनवेलच्या घरातला सोफा खोल. त्याच्या पायांखाली विटा घातल्या, तरी त्यांना उठवायला दोन माणसं लागायची. नवरा हात ओढायचा आणि मी कमरेला धरायचे. नवऱ्याने नोकरी धरली, तो सकाळी आठला जायचा आणि सातला यायचा. मधल्या वेळात मला खालून वॉचमनला बोलवावं लागायचं. चांगला माणूस, हाक मारली की यायचा. पण बाबा आयुष्यभर शाळेत मुख्याध्यापक होते. परक्या माणसाने काखेत हात घालून उठवायचं, आणि तेही कशासाठी, तर संडासाला जाण्यासाठी, हे त्यांना सहन होत नव्हतं.

मी म्हटलं, इथेही मिळतात तशा खुर्च्या, आपण एक घेऊ. म्हणाले, "ती येतेय ना? मग दोन-दोन कशाला? मी काय थिएटर काढणार आहे?" दर आठवड्याला मी म्हणायचे, पुढच्या आठवड्यात येईल, आणि दर आठवड्याला ते विश्वास ठेवायचे. ठेवायचे म्हणजे तसं दाखवायचे.

दोन महिन्यांनी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. सकाळी मी त्यांच्या शेजारी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळीही भरलेलाच असायचा. विचारलं, तर म्हणाले, तहान नाही. डॉक्टरकडे नेलं तेव्हा लघवीच्या जळजळीवरून सगळं बाहेर आलं. वॉचमनला बोलवावं लागू नये म्हणून त्यांनी सकाळी नवरा गेल्यापासून तो परत येईपर्यंत पाणी पिणं सोडलं होतं. पनवेलच्या उकाड्यात. डॉक्टर माझ्याकडे असे पाहत होते की जणू तांब्यावर मीच झाकण ठेवत होते.

घरी येताना रिक्षात बाबाच म्हणाले, "रागावू नकोस. खुर्ची आली की पितो."

म्हणजे आता जहाजाची वाट मीच जास्त पाहत होते.

जहाज बंदराला लागलं. जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात कंटेनर गेला, तिथे तो उघडून प्रत्येक कुटुंबाचं सामान वेगळं काढून ठेवलं, आणि आमच्या क्लिअरिंग एजंटचा फोन आला. हा माणूस उरणकडचा, पन्नाशीचा. त्याच्या घरची मिठागरं होती, ती बंदराच्या जागेत गेली, आणि आता तो त्याच बंदरातून लोकांचं सामान सोडवतो. कागद मागताना तो मला ताई म्हणायचा आणि ओरडताना मॅडम.

"ताई, कागद पाठवलेत ते बघितले. यादी हाय, जहाजाचा कागद हाय, नोकरीचं पत्र हाय. तुमच्या सायबांचा पासपोर्ट हाय. पन हा नवीन हाय."

"हो, मागच्या वर्षीच नवा झाला."

"मग जुना?"

"जुना रद्द झालाय."

"रद्द झाला तरी लागतो. दोन वरसात भारतात किती दिवस होते ते कशावरनं मोजनार? शिक्के जुन्यात. नव्यात एकच शिक्का, आता आल्याचा."

सवलतीची अट मला माहीत होती. दोन वर्षं बाहेर राहिलेलं असावं, आणि त्या दोन वर्षांत भारतातल्या फेऱ्या मिळून सहा महिन्यांच्या वर जाऊ नयेत. नवऱ्याच्या फेऱ्यांचे दिवस मी वहीत लिहिले होते, बेरीज मर्यादेच्या बरीच आत होती. पण माझी वही सीमाशुल्कवाल्यांना पुरावा म्हणून चालत नाही. शिक्के जुन्या पासपोर्टमध्ये, जुना पासपोर्ट खोका सतरात, खोका सतरा त्यांच्या यार्डात, आणि यार्डातून सामान सुटायला जुना पासपोर्ट.

"दादा," मी म्हटलं, "जुना पासपोर्ट सामानात आहे."

"मॅडम," तो म्हणाला.

त्याच्या म्हणण्यानुसार त्याच्या पंचवीस वर्षांच्या धंद्यात लोकांनी खोक्यात सोनं घातलं होतं, लोणचं घातलं होतं, एकाने तर जिवंत नाही पण पेंढा भरलेला पोपट घातला होता. पासपोर्ट पहिलाच. "आनी तुमी म्हणे याद्या करता," तो म्हणाला. मी स्कॅनची प्रत देते म्हटलं. पहिल्या आणि शेवटच्या पानाची होती. शिक्क्यांच्या पानांची नव्हती. विमानाची तिकिटं होती. "तिकीट म्हंजे गेलाच असं नाय," तो म्हणाला, आणि हे खरंच होतं.

शेवटी त्याने मार्ग सांगितला. अर्ज द्यायचा, की सामान आधी उघडून तपासा आणि त्यात निघणारा पासपोर्ट पाहून मग सवलतीचं ठरवा. तपासणीला नवऱ्याने स्वतः यायचं, कारण सामान त्याच्या नावावर. "पन एक सांगतो. कस्टमचे सायब सगळे खोके नाय फोडत बसनार. खोका कुठला ते तुमी सांगायचं."

त्या संध्याकाळी नवरा आणि मी कंपनीची यादी घेऊन बसलो. चौसष्ट नग. त्यातल्या अकरा खोक्यांपुढे ती तीन अक्षरं. माझा सतरा या अकरांपैकी कुठल्यातरी एकात.

"अकराच तर आहेत," नवरा म्हणाला.

"तुझ्या पासपोर्टवर तूच लक्ष ठेवायचं असतं."

"मी तुला दिला होता. तू म्हणालीस, दे, मी ठेवते."

मी पोळ्या करायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पळस्पे फाट्यावरून बंदराच्या रस्त्याला लागलो. पुढे-मागे कंटेनरच कंटेनर, आमची गाडी त्यांच्यामध्ये मुंगीसारखी. बाबांसाठी शेजारच्या काकूंना बसवून आले होते. यार्डाच्या फाटकावर एजंटने आमचे पास काढून ठेवले होते, डोक्यावर पिवळी हेल्मेटं चढवली आणि आम्ही शेडमध्ये गेलो. आमचं चौदा वर्षांचं घर जमिनीवर चुन्याने आखलेल्या एका चौकोनात होतं. शेजारच्या चौकोनात कुणाचा तरी पियानो आणि ट्रॅम्पोलिन. आमच्या चौकोनात कडेला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली खुर्ची दिसली, आणि मी एकदम हलकी झाले. मग आठवलं की ती मला अजून नेता येणार नाही.

सीमाशुल्क अधिकारी तरुण होते, चष्मा, हातात फाईल. त्यांनी अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं.

"कुठला खोका?"

"सतरा," मी म्हटलं आणि माझी वही पुढे केली.

त्यांनी त्यांच्या यादीत सतरा शोधला. "सतरा म्हणजे सायकल."

"तो तुमचा सतरा. म्हणजे कंपनीचा. माझा वेगळा."

"तुमचा म्हणजे?"

मी समजावलं. समजावताना माझं मलाच ते मूर्खपणाचं वाटत गेलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, मला अजून सहा पार्ट्या आहेत. मी दोन खोके उघडू देतो. त्यात नाही निघालं, तर पुढच्या तारखेला."

पुढची तारीख म्हणजे किमान चार-पाच दिवस, शनिवार-रविवार धरून. चार-पाच दिवस म्हणजे न प्यायलेले चार-पाच तांबे. मी अकरा खोक्यांभोवती फिरले. सगळे सारखे तपकिरी. एजंटने दोन-तीन उचलून पाहिले. "कागद जड असतात," तो म्हणाला, पण माझे वरवंटे आणि कुकरही जड होते.

तेवढ्यात फोन वाजला. बाबा.

"सापडला का?"

"नाही बाबा. अकरा खोके आहेत, कुठला ते कळत नाही. मी नंतर करते फोन."

"फाईलींचा ना? तो माझ्या पायाखाली होता."

"काय?"

"सामान नेत होते तेव्हा मी खुर्चीत बसलेलो. पाय लोंबकळत होते, तर त्या मुलीने एक खोका आणून पायाखाली दिला. त्यावर सतरा लिहिलं होतं, मी वाचलं. शेवटी मला उठवलं, तो खोका त्यांच्या मोठ्या खोक्यात टाकला, आणि मग खुर्ची गुंडाळली. घरातून सगळ्यात शेवटी गेलेल्या त्या दोन वस्तू."

"मला सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलंस का? तू वही बघत होतीस."

स्टिकर लावायचे ते उचलण्याच्या क्रमाने. खुर्चीवरचा स्टिकर पाहिला: चौसष्ट. यादीतला शेवटचा नग. त्रेसष्टपुढे ती तीन अक्षरं. अधिकाऱ्यांनी मान हलवली आणि एजंटच्या माणसाने त्रेसष्टची पट्टी कापली. वर माझं पुरणयंत्र होतं, म्हणजे खोका सोळा. त्याखाली निळा सतरा. विजेच्या बिलांखालून कोपरे कापलेला पासपोर्ट निघाला तेव्हा एजंट म्हणाला, "म्हाताऱ्या मानसाला आधीच आनायला पायजे होता. तुमी घरी बसल्या असत्या तरी चाललं असतं, ताई."

अधिकाऱ्यांनी उभ्या उभ्याच पानं उलटली, शिक्के जुळवून पाहिले, कागदावर बेरीज केली. नवऱ्याच्या तिन्ही फेऱ्या मिळून सव्वाशे दिवस. वडिलांच्या आजारपणातले अडीच महिने त्यात आलेच. "हॉस्पिटलचे कागद लागतील का?" मी विचारलं, कारण ते माझ्याकडे होते, फाईलमध्ये, क्रमाने लावलेले. "गरज नाही," ते म्हणाले. बाकीच्या सामानातलं त्यांनी टीव्ही आणि नवीन दिसणारं एक मशीन पाहिलं, यादीवर खुणा केल्या, टीव्हीवर किती शुल्क भरायचं ते सांगितलं. जाता जाता म्हणाले, "पुढच्या वेळी एकच नंबर ठेवा."

पुढची वेळ म्हणे.

कागद पुरे व्हायला संध्याकाळ झाली, सामान दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलं. टेम्पोवाल्याच्या पावतीवर सही करण्याआधी प्रत्येक खोका तपासायचा आणि फुटलेलं तिथेच लिहून घ्यायचं, हे मला पाठ होतं. तपासलं. कंपनीने भरलेल्या सामानात आरशाचा एक कोपरा गेला होता, तो लिहिला, फोटो काढले, विमा कंपनीकडे दावा पाठवला. माझ्या हातांनी वर्तमानपत्रात गुंडाळून भरलेल्या जेवणाच्या सेटमधल्या सात थाळ्या आणि काचेचा मोठा वाडगा फुटला होता. तेही पाठवलं. आठवड्याने उत्तर आलं. आरसा मान्य. मालकाने स्वतः भरलेल्या खोक्यातली फूटतूट पॉलिसीत येत नाही, कारण तो कसा भरला हे कंपनीला माहीत नाही. खोकाच हरवला असता तर भरपाई मिळाली असती. कलम नऊ. मी पॉलिसी काढून कलम नऊ वाचलं. त्याखाली माझ्याच निळ्या पेनाची रेघ होती. रेघ मारली होती, आणि तरी भरलं होतं.

पण ते नंतरचं. त्या दुपारी मला थाळ्यांशी काही घेणंदेणं नव्हतं. खुर्ची पहिल्या मजल्यावर चढवायला चौघं लागले, वॉचमन त्यात पुढे. जिन्याच्या वळणावर ती अडकली, उभी करून, आडवी करून, एकदा पुन्हा खाली नेऊन अखेर आत आली. बाबा विटांवरच्या सोफ्यात बसून सूचना देत होते. डावीकडे. अहो, तुमची डावी नाही, माझी डावी. प्लास्टिक काढलं. इंग्लंडचा तीन चपट्या पिनांचा प्लग इथल्या भिंतीत जाईना. माझ्या यादीत अॅडॉप्टर होते, सहा, खोका चारमध्ये. खोका चार कुठल्या मोठ्या खोक्यात होता, ते देवाला ठाऊक. वॉचमनच खाली जाऊन कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून एक घेऊन आला.

बाबांना शेवटचं एकदा वॉचमनने आणि मी उठवलं आणि त्यांना खुर्चीत बसवलं. ते काही वेळ तसेच टेकून बसले. मग बटण दाबलं. खुर्ची गुरगुरली, वर आली, पुढे कलली, आणि बाबा काठीवर हात ठेवून उभे राहिले. कोणाकडे न पाहता बाथरूमकडे गेले. दार आतून लावून घेतलं. वॉचमन आणि मी हॉलमध्ये तसेच उभे होतो, खोक्यांच्या मध्ये.

"मी जाऊ, वहिनी?" तो म्हणाला.

"चहा घेऊन जा," मी म्हटलं.

बाबा बाहेर आले, खुर्चीत बसले, तांब्याकडे हात केला आणि तो रिकामा करून माझ्यापुढे धरला. मी भरून आणला. संध्याकाळी नवरा आला तोवर ते चार वेळा उठले होते, एकदा नुसतं बाल्कनीत जाऊन परत यायला, आणि एकदा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन, मी खोके उपसत असताना, चहा आज इतका उशिरा का, हे विचारायला.